गार पाण्याच्या नळाला कढत पाणी: टाकीमुळे की पाइपमुळे?

उन्हाळ्यात दुपारी नळ सोडला की हाताला चटका बसायचा. टाकी बदला, असं प्रत्येकजण सुचवत होता. मला मात्र आधी पाणी तापतं कुठे ते बघायचं होतं. भर दुपारी नळाखाली बादली ठेवली आणि पाण्याच्या धारेत थर्मामीटर धरला. सुरुवातीला ५१ अंश. बादली तिसरा हिस्सा भरेपर्यंत पारा तेवढाच, मग झरझर उतरून ३९ वर आला आणि तिथेच थांबला.

गच्चीवरून नळापर्यंतचा पाइप साधारण १८ मीटर. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे एकूण साडेपाच लिटर. चटका देणारं पाणी नेमकं तेवढंच होतं! टाकीत हजार लिटर पाणी असतं, ते एका अंशाने तापवायलाही सुमारे १.१६ युनिट विजेइतकी उष्णता लागते. पाइपमधलं थोडंसं पाणी तासाभरात तापतं. त्यात आमचा पाइप थेट स्लॅबवर टेकलेला, म्हणजे वरून ऊन आणि खालून तापलेली गच्ची. तुमच्याकडे पूर्ण बादली भरली तरी पाणी कढतच येत असेल, तर टाकीकडे बघा.

प्लंबर म्हणाला, "फोम गुंडाळू." नुसत्या फोमने भागत नाही. पाणी पाइपमध्ये तासन्‌तास उभं असतं, फोममुळे ते उशिरा तापतं, इतकंच. शिवाय उघडा काळा फोम उन्हाने भुसभुशीत होतो. म्हणून आम्ही पाइप आधी विटांवर उचलून घेतला, फोम चढवला, त्यावर चकचकीत अॅल्युमिनियमची टेप गुंडाळली आणि पश्चिमेच्या भिंतीवरून उतरणारा भाग उत्तरेच्या भिंतीवर नेला. खरा फरक या शेवटच्या कामाने पडला, आणि तोडफोडीची कटकटही त्यातच होती.

टाकीवर हातभर उंचीवर शेडनेट बांधली. मध्ये वारा खेळायला हवा, टाकीला चिकटवून बांधली तर उपयोग कमी. काळ्या टाकीला बाहेरून पांढरा रंग दिला. प्रकाश आत जाऊ देणारी पांढरी टाकी मात्र घेऊ नका, शेवाळ धरतं. पंप पहाटे चालवून टाकी काठोकाठ भरतो, कारण अर्धी टाकी जास्त तापते.

आता त्याच वेळी पहिलं पाणी ४२ अंश आणि नंतरचं ३५. हवाच चाळीसच्या वर असताना सावलीने याहून फार गार होणार नाही.

दुपारी अंघोळ करायचीच असेल तर आम्ही बंद गीझरचा नळ सोडतो. त्यातलं २५ लिटर पाणी रात्रभर घरात राहिलेलं असतं, म्हणून गरम पाण्याच्या नळाला सुरुवातीला तरी गार येतं. मग त्यात गच्चीवरचं पाणी मिसळत जातं.