चिखलदऱ्याचा उतार आणि धूळ खात पडलेली पॅडलं

मी नागपुरात बदली ड्रायव्हर आहे. लोकांच्या स्वतःच्या गाड्या असतात, लांबच्या प्रवासाला तेवढं मला बोलावतात. गेल्या पाच-सहा वर्षांत हाती येणाऱ्या निम्म्या गाड्या ऑटोमॅटिक झाल्या आणि बऱ्याच गाड्यांच्या स्टिअरिंगमागे हाताने गिअर बदलायची दोन पाती, म्हणजे पॅडलं, असतात: डावीकडे वजा, उजवीकडे अधिक. मालकाला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "ते रेसिंगवाल्यांसाठी असते भाऊ." नागपूर पडलं सपाट. सदरचा उड्डाणपूल हाच आमचा घाट. पॅडलला हात लावायची वेळ येणार कुठून?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी वर्धमाननगरच्या एका काकांना घेऊन चिखलदऱ्याहून परतत होतो. पेट्रोल गाडी, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. आत पाच माणसं, डिक्कीत सामान. येताना मीच चालवली होती. परतताना काका म्हणाले, "घाट मी उतरवतो, तुम्ही बसा बाजूला." गाडी त्यांची, मी काय बोलणार? बसलो.

लिव्हर डी वर. काकांनी ॲक्सिलरेटर सोडला की गिअरबॉक्सला वाटायचं, आता जोर नको आहे, पेट्रोल वाचवू, आणि तो वरचा गिअर टाकायचा. काही गाड्यांत उतार ओळखून गिअर धरून ठेवायची सोय असते, या गाडीत ती जाणवली नाही. चौथ्या-पाचव्यात इंजिन जेमतेम फिरतं, गाडीला अडवत नाही. सगळा भार ब्रेकवर. काकांचा पाय पेडलवर सतत टेकलेला, जोराने नाही, नुसता टेकलेला. हेच सगळ्यात वाईट, कारण डिस्कला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही.

दहा-बारा मिनिटांत वास आला. ब्रेकचा वास एकदा घेतला की विसरत नाही, जळक्या रबरासारखा, घशात बसणारा. मागून काकू म्हणाल्या, "काहीतरी जळून राहिलं का हो?" तेवढ्यात काकांचा आवाज चिरकला, "भाऊ, ब्रेक खाली जाऊन राहिला ना!"

पेडल खाली जाणं आणि पेडल कडक राहून गाडी न थांबणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडक राहिलं तर पॅड तापून पकड सुटलेली असते. मऊ होऊन खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. पाय नुसते बुडबुडे दाबतो. आमचं दुसरं होतं.

वेगाच्या काट्यावर पंचेचाळीस. मी म्हटलं, "काका, पेडल पंप करत राहा. लिव्हर डावीकडे ओढा." डावीकडे म्हणजे मॅन्युअल. "आता डावं पॅडल, एकदा." तिसरा पडला. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या जवळ, गाडी किंचित धरली गेली. "अजून एकदा." दुसरा. काटा साडेतीन हजारांवर उडाला, इंजिन ओरडलं, आणि सगळे हलकेच पुढे झुकलो. घाबरून काकांनी तिसऱ्यांदा ओढलं, तर टिक असा आवाज आला आणि गिअर दुसराच राहिला. त्या वेगाला पहिला टाकला तर इंजिनचे फेरे मर्यादेच्या बाहेर जातील हे गिअरबॉक्सला कळतं, म्हणून तो नकार देतो. चुकून इंजिन फोडाल ही भीती त्यामुळे बरीचशी फोल आहे.

वेग तिसाच्या आसपास आला. पंप करून थोडा ब्रेकही मिळत होता. रुंद जागा बघून डोंगराच्या बाजूला गाडी लावली, पी टाकला आणि चाकांना दगड लावले. हँडब्रेक ओढला नाही, तापलेल्या ब्रेकला आवळून ठेवायचं नसतं. कुणीतरी बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघालं, त्यालाही थांबवलं. लाल तापलेली डिस्क पाण्याने वाकडी होते, तडकतेही.

पाऊण तास बसलो. काका चिडून म्हणाले, "मी निघाल्या निघाल्याच ते पॅडल दाबून पाहिलं होतं. तीन दिसला न् परत डी आला. वाटलं बिघडलंय." बिघडलं नव्हतं. डी मध्ये पॅडल ओढलं तर बहुतेक गाड्यांत ती तात्पुरती सोय असते, थोड्या वेळाने गाडी आपली आपण डी वर जाते. उतारावर गिअर टिकायला हवा असेल तर लिव्हरच मॅन्युअलला न्यावी लागते.

पेडल परत कडक झालं तेव्हा मी बसलो. उतार लागायच्या आधीच दुसरा. अंदाज सोपा ठेवतो: दर चार सेकंदांनी ब्रेक लागत असेल तर एक गिअर खाली, ॲक्सिलरेटर द्यावा लागत असेल तर एक वर. वळणाआधी ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. आणखी एक, इंजिन गाडी अडवतं तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कुणी चिकटून असेल तर पेडलला नुसता स्पर्श करायचा, त्याला कळलं पाहिजे.

काकांचं लक्ष आवाजावर. "पेट्रोल किती पिऊन राहिली असेल!" मी समोरच्या पडद्यावरचं चालू मायलेज दाखवलं. पट्टी शेवटच्या टोकाला टेकलेली. पाय उचललेला आणि गाडी गिअरमध्ये असली की इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, आणि त्या फिरवण्यातच गाडीचा जोर जिरतो. माझा भाचा इंजिनिअर आहे, त्याने नंतर हिशेब करून दिला. माणसांसकट सतराशे किलोची गाडी सातशे मीटर खाली आणायची, म्हणजे दोन किलोवॉटचा गीझर दीड तास चालवण्याइतकी उष्णता. त्यातली काही हवा आणि टायर खातात, पण उरलेली चार डिस्कवर टाकायची की इंजिनवर, एवढाच प्रश्न.

परतवाड्याहून अमरावतीकडे निघालो तर पुढे कापसाचा ट्रक, साठच्या वेगाने, रस्ता दुपदरी. काकांना आता पॅडलची गोडी लागली होती. "इथं कसं?" डी मध्ये पाचवा, इंजिन सतराशेवर. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळाला दाबला तर गिअरबॉक्स विचार करून खाली येतो, त्यात सेकंद जातो. साठच्या वेगाने त्या सेकंदात गाडी सतरा मीटर जाते, तीही समोरच्याच्या लेनमध्ये. म्हणून मी ट्रकच्या मागे, आपल्याच लेनमध्ये असताना डावं पॅडल दोनदा ओढलं. तिसरा, एकतीसशे. थोडा वेळ तसाच राहिलो. समोरून एसटी आली, गेली. मग रस्ता मोकळा दिसला आणि बाहेर पडलो, तेव्हा ताकद पायाखाली तयार होती. ट्रक पूर्ण मागे पडून लेनमध्ये आल्यावरच उजवं पॅडल.

"दुसरा का नाही टाकला?" चांगला प्रश्न होता. साठला दुसरा म्हणजे सेहेचाळीसशे. ऐंशीच्या पुढे जाताच काटा लाल पट्टीला टेकणार. मॅन्युअलमध्ये काही गाड्या आपण होऊन वरचा टाकतात, काही टाकत नाहीत, पेट्रोल तोडतात. ट्रकच्या बरोबरीने असताना गाडी मेली तर?

मंगळवारी काकांनी गाडी गॅरेजला नेली आणि मला फोनवर फोटो पाठवला. बाटलीत काढलेलं ब्रेक ऑइल, काळ्या चहाच्या रंगाचं. चार वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही, ओल शोषली की उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. फोटोखाली काकांनी लिहिलं होतं, "पॅड पण गेले. काकू म्हणते, पुढच्या वेळी घाट तुम्हीच उतरवा."