खडकवासल्यापासून नळापर्यंत, भाचीच्या वहीसोबत

लग्नासाठी पुण्यात आले होते. लग्न झालं, पंगती झाल्या, दोन दिवस गेले. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

भाची सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आदल्या रात्री तिची वही हातात आली. जलशुद्धीकरण केंद्राची आकृती काढलेली, पट्टीनं आखून: इनटेक, जाळी, एरेटर, फ्लॅश मिक्सर, फ्लॉक्युलेशन, सेडिमेंटेशन, फिल्टर, क्लोरीन, साठवण, वितरण. दहा चौकटी, सगळ्या सारख्या मापाच्या, मध्ये सारखे बाण. पाठ तर इतकी होती की झोपेतही म्हणाली असती. मी विचारलं, "या चौकटीतून त्या चौकटीत जायला पाण्याला किती वेळ लागतो?" पोरगी गप्प. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात, प्रयोगशाळेत, माझी नोकरी झाली आहे. ती सारख्या मापाची आकृती बघून मला रात्री झोप येईना. सकाळी म्हटलं, चल.

आधी खडकवासला. जुलैचा पहिला आठवडा, सिंहगड रस्त्याला बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि धरणाच्या काठी अर्धं पुणं भजी खायला उतरलेलं. भजी गरम होती, चांगलीच होती. पण ज्या पाण्यावर हे शहर जगतं त्याच पाण्यात प्लॅस्टिकचे पेले तरंगताना बघून माझ्या घशाखाली दुसरी प्लेट उतरली नाही. पाणी मात्र बघण्यासारखं होतं. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या डोंगरांवरची पहिली माती घेऊन आलेलं, दुधाच्या चहासारखं.

"हे तुझं इनटेक," मी म्हटलं. इथून बंद जलवाहिनीनं आणि कालव्यानं पाणी पर्वतीकडे जातं. धरणातून पाणी घेताना कुठल्या पातळीवरून घ्यायचं यालाही महत्त्व असतं. तळाशी गाळ आणि कधीकधी मँगनीज, अगदी वर शेवाळ. म्हणून बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवतात. आकृतीत ही एक चौकट असते, प्रत्यक्षात तो रोजचा निर्णय असतो.

दुपारी एका केंद्रावर पोचलो. दादाच्या ओळखीतून परवानगी मिळाली होती. फाटकावर नाव-गाव लिहून आत गेलो तर तिथल्या केमिस्ट बाईंनी आधी चहा पाजला, भिजलेल्या भाचीला स्वतःचा रेनकोट दिला, मगच उठल्या. लग्नाच्या हॉलवर दोन दिवसांत इतकं अगत्य भेटलं नव्हतं.

जाळीपाशी फांद्या, पिशव्या अडकलेल्या. पुढे पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी पडतं तो एरेटर. भाचीनं तिथे दहा फोटो काढले. हवा मिसळते, वास उडतो, लोह असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, एवढं सांगून मी तिला पुढे ओढलं. पुढे एक गळा आवळल्यासारखा अरुंद होणारा पाट होता, पार्शल फ्लूम. तिच्या आकृतीत तो नव्हताच. गळ्याच्या अलीकडे पाणी किती उंच चढलं ते पट्टीवर वाचायचं, त्यावरून तासाला किती पाणी येतंय ते कळतं. ते कळलं नाही तर तुरटी किती सोडायची हे कुणीच सांगू शकत नाही.

आणि गोष्ट तुरटीची होती.

केमिस्ट बाई म्हणाल्या, "मॅडम, सकाळपासून पाणी बदललंय. जार लावतेय आत्ता. थांबता का?" थांबता का काय! सहा काचेची भांडी ओळीनं, प्रत्येकात एक लिटर धरणाचं पाणी, वर सहा पाती एकाच मोटरवर फिरणारी. गढूळपणा मोजला, १२० एनटीयू. पिण्याच्या पाण्याचं मानक १, पर्याय नसेल तर ५ पर्यंत. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटीचं द्रावण करून ठेवलेलं, म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. भाचीच्या हातात पिपेट दिलं. पहिल्या भांड्यात एक मिलिलिटर, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत.

आधी मिनिटभर जोरात, मिनिटाला १०० फेरे. हा फ्लॅश मिक्सर. मातीचे बारीक कण ऋण भाराचे असतात, एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून दिवसेंदिवस खाली बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, आणि हे काम सेकंदांत होतं. ढवळणं कमी पडलं तर एका कोपऱ्यात तुरटी जास्त, दुसरीकडे काहीच नाही. मग वेग उतरवून ३० फेरे, वीस मिनिटं. हे फ्लॉक्युलेशन. आता कण एकमेकांना भेटायला हवेत, पण हळूच. जोरात ढवळलं तर जुळलेले पुंजके पुन्हा तुटतात आणि तुटलेले पूर्वीसारखे जुळत नाहीत.

पहिली काही मिनिटं काही दिसत नव्हतं. मग चौथ्या भांड्यात ठिपके आले, टाचणीच्या टोकाएवढे. मग ते पिंजलेल्या कापसासारखे झाले, आणि मधलं पाणी अचानक काळंभोर दिसायला लागलं, म्हणजे स्वच्छ. भाची भांड्याला नाक लावून बसली होती. "आत्या, हे जुळतंय!" इतक्या वर्षांत हे मी हजारो वेळा पाहिलं असेल, तरी तिच्याबरोबर पाहताना माझे डोळे भरून आले.

मोटर बंद करून अर्धा तास निवळू दिलं आणि वरचं पाणी मोजलं. १० मिलिग्रॅमला ४८, २० ला २१, ३० ला ८, ४० ला साडेतीन, ५० ला ३, आणि ६० ला पुन्हा ४. भाचीनं विचारलं, जास्त तुरटीनं वाढलं कसं? बाईंनी पीएच दाखवला. पाण्याचा पीएच सांभाळते ती क्षारता, आणि एक मिलिग्रॅम तुरटी ती साधारण अर्धा मिलिग्रॅम खाते. पावसाचं पाणी मुळात हलकं, त्या दिवशी क्षारता लिटरला ४० मिलिग्रॅम. साठ तुरटी टाकली की तीस गेली, दहाच उरली, पीएच घसरला आणि पुंजके बारीक, विरविरीत राहिले. अशा वेळी चुना द्यावा लागतो. नाहीतर ॲल्युमिनियम विरघळलेलं राहून फिल्टर पार करून जातं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

बाईंनी चाळीस ठरवले. पन्नासला अर्धाच एनटीयू कमी होत होता. दर लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे दर दहा लाख लिटरला एक किलो. दिवसाला दहा कोटी लिटरच्या केंद्रावर चाळीसचा डोस म्हणजे चार टन तुरटी, पन्नासचा म्हणजे पाच. त्या जादा टनानं शेवटी गाळच वाढतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी पीएसी, म्हणजे पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड, वापरतात, पण जार लावण्यातून सुटका नाही.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री पाऊस कोसळला आणि मी पहाटे जार न लावता कालचाच डोस चालू ठेवला. सात वाजता पुंजके जिथे खाली बसतात त्या तळ्याच्या, क्लॅरिफ्लोक्युलेटरच्या, कडेला धुक्यासारखा पांढुरका थर वर येताना दिसला. पुंजके न बसता कडेच्या दातेरी पट्टीवरून पाण्याबरोबर वाहत होते. एरवी दिवसभर चालणारे फिल्टर पाच तासांत तुंबले, अर्ध्या गावाला संध्याकाळचं पाणी उशिरा गेलं. चूक माझीच होती.

तोच क्लॅरिफ्लोक्युलेटर भाचीला दाखवला. मोठं गोल तळं, मध्ये फ्लॉक्युलेशनचा कप्पा, बाहेर निवळण्याची जागा, आणि वर एक पूल इतका सावकाश फिरणारा की फिरतोय हे समजायला कठड्याकडे बघावं लागतं. त्याची खालची पाती गाळ मधल्या खड्ड्याकडे ओढतात. पूल बंद पडला तर तळाचा गाळ कुजतो, बुडबुडे येतात आणि काळे गोळे वर तरंगतात. ऑपरेटर काका ते वासावरून ओळखतात. आम्ही कठड्यावर उभं राहून पाणी मधून कडेला येताना बघत होतो आणि भाचीनं स्वतःच हिशेब केला: मिसळायला एक मिनिट, जुळायला अर्धा तास, बसायला अडीच तास.

फिल्टरच्या इमारतीत नशिबानं बॅकवॉश सुरू होता. वाळूत अडकलेल्या मळामुळे पाणी उतरायला अडथळा वाढतो, मीटरवर तो उंचीत दिसतो, साधारण दोन मीटरच्या आसपास आला की बेड धुवायचा. आधी खालून हवा, मग खालून पाणी. वाळू उकळत्या भातासारखी हलते आणि तपकिरी पाणी वर येऊन पन्हळीतून जातं. "हे कुठं जातं?" भाचीनं विचारलं. निवळून पुन्हा सुरुवातीला. तिच्या आकृतीतले सगळे बाण पुढेच जात होते. तिनं तिथेच वही काढून एक मागे जाणारा बाण मारला. धुतल्यानंतरचं पहिलं पाणी तितकं स्वच्छ नसतं, वाळूवर पुन्हा थोडा थर बसावा लागतो, हे काकांनी सांगितलं.

क्लोरीनच्या खोलीत आत सोडलं नाही, ते बरोबरच. क्लोरीन मिसळल्यावर निदान अर्धा तास संपर्क हवा, आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा. तिथून पंप, उंच टाक्या, गल्लीबोळातल्या वाहिन्या.

रात्री घरी भाचीनं आकृती नव्यानं काढली, एका मिनिटाला एक मिलिमीटर. फ्लॅश मिक्सर म्हणजे नुसती रेघ. फ्लॉक्युलेशन तीन सेंटीमीटर. निवळणं पंधरा. फिल्टरला थोडी जागा दिली तर पान संपलं आणि क्लोरीन पुढच्या पानावर गेलं. मला ती आकृती फार आवडली.

केमिस्ट बाईंनी निघताना पाण्यात उरलेला क्लोरीन तपासायच्या, डीपीडीच्या, चार गोळ्या दिल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या थेट महापालिकेच्या नळाचं पाणी एका पेल्यात, बाथरूमच्या नळाचं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं, दुसऱ्यात. पहिला पेला गुलाबी झाला, म्हणजे क्लोरीन होता. दुसरा तसाच राहिला, पाच मिनिटं बघितलं तरी. वहिनी म्हणाल्या, बाथरूमचं पाणी तर पाहुणे आले की आपण पितोही. भाचीनं वितरणाच्या पुढे आणखी एक चौकट काढली, गच्चीवरची टाकी, आणि तिच्याखाली शून्य लिहिलं. दादानं टाकी शेवटची कधी धुतली ते आठवायचा प्रयत्न केला, मग रविवारी माणूस बोलावतो म्हणाला. माझी परतीची गाडी शनिवारची होती, म्हणून उरलेल्या दोन गोळ्या भाचीकडे ठेवून आले.