झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचं

सोफ्यावर बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे, पण अंथरुणावर पडलं की टक्क जाग. मग हातात फोन, आणि दीड-दोन वाजेपर्यंत बोट सरकत राहायचं. सगळा दोष फोनचा, असं धरून मी तो बाहेरच्या खोलीत ठेवायला लागले. तरीही तीन रात्री छताकडे बघत पडून राहिले, तेव्हा समुपदेशकांकडे गेले.

त्या म्हणाल्या, "तुमच्या मेंदूनं अंथरुण आणि जागं राहणं यांची गाठ मारून ठेवलीय. फोन काढला तरी गाठ तशीच राहते." ती सोडवण्याची पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडली. अंथरुण झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठीच. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि पुन्हा पेंग आल्यावरच परतायचं. झोप कितीही झालेली असो, उठायची वेळ रोज एकच. दुपारी झोपायचं नाही.

मी सकाळी सहाची वेळ धरली. गजरासाठी साधं घड्याळ आणलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं, कारण पंधरा मिनिटं अंदाजानंच मोजायची असतात. घड्याळ बघितलं की हिशेब सुरू होतो आणि झोप आणखी लांब जाते.

पहिल्या रात्री चारदा उठले. दुसऱ्या रात्री चूक केली: बाहेर आल्यावर चार्जिंगला लावलेला फोन उचलला आणि तासभर तिथेच गेला. मग फोन कपाटात गेला आणि खुर्चीशेजारी मंद दिवा नि आधी वाचलेलं एक पुस्तक आलं. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे पान उलटायची घाई होत नाही.

मला सगळ्यात अवघड गेलं ते थकवा आणि पेंग यांतला फरक ओळखणं. अंग दुखतंय, कंटाळा आलाय, पण डोकं चालू आहे, तो थकवा. पेंग वेगळी: पापण्या जड होतात, एकच ओळ दोनदा वाचली जाते, मान खाली जाते. पाचव्या रात्री पुस्तक हातातून मांडीवर घसरलं, तेव्हा मी आत गेले. त्यानंतर थेट गजरच ऐकला.

पहिला आठवडा मात्र फार जड गेला. दिवसा इतकी झापड यायची की मी गाडी चालवणं बंद ठेवलं, आणि ते योग्यच होतं. फिट येणाऱ्यांनी, द्विध्रुवी म्हणजे बायपोलर विकार असणाऱ्यांनी किंवा रात्री उठताना तोल जाणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अपुरी झोप त्यांचा आजार वाढवू शकते.

तिसऱ्या आठवड्यात रात्री एखाद्या वेळीच उठावं लागलं. नंतर सुट्टीच्या एका सकाळी साडेआठपर्यंत लोळले, तर त्या रात्री पुन्हा दोनदा खुर्ची गाठावी लागली. आता सुट्टीच्या दिवशीही गजर सहाचाच असतो.