नकाराच्या पत्रात नसलेलं वाक्य

संशोधनाच्या निधीसाठी पाठवलेला प्रस्ताव नाकारल्याचं पत्र आलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी घडतात आणि त्या एकच आहेत असं वाटतं. एक, पत्र सांगतं की प्रस्ताव मंजूर झालेला नाही. दोन, आपण मनातल्या मनात पुढचं वाक्य जोडतो: ‘म्हणजे मीच नालायक.’ पहिलं वाक्य समितीचं, दुसरं आपलं. या दोन वाक्यांमधला सांधा शोधणं हेच माझ्या पुढच्या दहा दिवसांचं काम होतं. त्यासाठी मी जी पद्धत वापरली ती संज्ञानात्मक वर्तनोपचारातली, म्हणजे मनातले विचार पुराव्यांवर तपासून पाहणाऱ्या उपचारातली आहे. ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञानं १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करताना तिचा पाया घातला. साहित्य म्हणाल तर एक वही, एक पेन आणि रोजची वीस मिनिटं.

पहिल्या रात्री काहीच लिहू नये. पत्राला उत्तर नाही, सहकाऱ्यांना लांबलचक संदेश नाही, वहीसुद्धा नाही. त्या रात्री लिहिलेले ‘पुरावे’ सगळे एकाच बाजूचे निघतात, आणि कागदावर आले म्हणून ते आणखी खरे वाटू लागतात. झोप नीट लागली नाही तरी चालेल, आडवं पडायचं.

दुसऱ्या दिवशी पत्र छापून घेतलं आणि पेन हातात धरून वाचलं. प्रस्तावाबद्दलच्या वाक्याखाली सरळ रेघ, प्रक्रियेबद्दलच्या वाक्याखाली नागमोडी रेघ आणि माझ्याबद्दलच्या वाक्याभोवती चौकट. पत्रात सात वाक्यं होती: चार नागमोडी, तीन सरळ, चौकट एकही नाही. ‘यंदा मोठ्या संख्येनं दर्जेदार प्रस्ताव आले’ हे वाक्य तर सगळ्यांनाच जातं. त्यात दडलेला अर्थ शोधत बसलात तर हमखास सापडतो, कारण तो आपणच तिथं ठेवलेला असतो. पत्रात एका आकड्याचा मात्र उपयोग झाला: ११३ प्रस्ताव, ४ मंजूर. म्हणजे तेच पत्र आणखी १०८ जणांना गेलं होतं.

मग विचारांची नोंद. पान आडवं धरून सहा रकाने आखायचे: काय घडलं, मनात आलेलं वाक्य, भावना आणि तिची तीव्रता शून्य ते शंभर, वाक्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्ध पुरावे, आणि पुरावे पाहून लिहिलेलं नवं वाक्य. शेवटी भावनेची तीव्रता पुन्हा मोजायची.

बहुतेकांचं घोडं दुसऱ्याच रकान्यात अडतं. तिथं आपण प्रश्न लिहितो. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ हा प्रश्न तपासता येत नाही, त्याला बाजूचा किंवा विरुद्ध पुरावा जोडताच येत नाही. त्या प्रश्नाला मनातून काय उत्तर येतंय ते लिहायचं. माझ्या पानावर उत्तर होतं: ‘मी संशोधनाच्या लायक नाही आणि आता ते सगळ्यांना कळलं.’ भावना लाज, तीव्रता ८५. वाक्य इतकं उघडं लिहिलं की तळहाताला घाम येतो. तो आला तर योग्य वाक्य हाती लागलंय असं समजावं. कोरडेपणानं लिहिता आलं तर बहुधा अजून वरवरचंच आहे.

पुराव्यांच्या रकान्यात दुसरी चूक होते. ‘मला मूर्ख असल्यासारखं वाटतं’ हा पुरावा नव्हे, तो आधीच्या रकान्यातला माल आहे. तिऱ्हाईताला दाखवता येईल तेच इथं लिहायचं. त्या निकषावर वाक्याच्या बाजूला दोनच नोंदी टिकल्या: परीक्षकानं ४० जणांचाच नमुना का, असं विचारलं होतं आणि प्रस्तावात त्याचं उत्तर नव्हतं, वेळापत्रक १८ महिन्यांचं होतं आणि खर्चाचा तक्ता २४ महिन्यांचा. विरुद्ध बाजूला: पहिल्या परीक्षकानं संशोधनाचा प्रश्न महत्त्वाचा असल्याचं लिहिलं होतं, याच विषयावरचं प्राथमिक काम पूर्ण होऊन छापून आलं होतं, ‘सगळ्यांना कळलं’ म्हणावं तर हा निकाल समितीबाहेर फक्त मला ठाऊक होता.

नवं वाक्य लिहिताना हात आपोआप गोड लिहू लागतो. ‘मी उत्तम संशोधक आहे, पुढच्या वेळी नक्की होईल’ असं एक वाक्य मीही लिहिलं, आणि त्यावर माझाच वीस टक्केसुद्धा विश्वास बसेना. ज्यावर किमान साठ-सत्तर टक्के विश्वास बसतो असंच वाक्य चालतं. शेवटी उरलं ते असं: ‘या प्रस्तावात दोन ठोस त्रुटी होत्या, त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत, त्या नसत्या तरी मंजुरीची खात्री नव्हती.’ रुक्ष आहे, पण टिकतं. लाज ८५वरून ५०वर आली. इतकंच अपेक्षित असतं. आकडा एकदम शून्यावर आला तर समजावं की काहीतरी लपवलंय.

‘नालायक’ या शब्दाचा हिशेब वेगळा करावा लागला. लायक म्हटलं की ‘कशाला?’ हा प्रश्न मागोमाग येतो: नोकरीला लायक, निधीला लायक, एखाद्या कामाला लायक. आधी ‘ना’ लागला की तो प्रश्न गळून पडतो आणि शब्द सगळ्या माणसावर चिकटतो. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचा आग्रह नेमका यावर होता की कृतीला गुण देता येतात, सबंध माणसाला एकच गुण देता येत नाही, कारण बेरीज करायला सगळ्या बाबी कधीच हाती नसतात. वहीत याची सोपी चाचणी करता येते. शब्दाची व्याख्या लिहायची: ‘ज्याचा प्रस्ताव नामंजूर होतो तो नालायक.’ मग ती त्या १०८ जणांना लावून पाहायची. तिथं व्याख्या मोडते. स्वतःपुरतीच ती खरी वाटत असेल तर ती व्याख्या नाही, शिवी आहे.

यानंतर जबाबदारीचं वर्तुळ. एक गोल काढून नकाराची कारणं त्यात टक्केवारीनं वाटायची. यातला कळीचा नियम क्रमाचा आहे: स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी. तो आधी लिहिला की आपण सरळ ऐंशी टक्के उचलतो आणि बाकीची कारणं उरलेल्या विसात कोंबतो. आधी सगळ्या कारणांची यादी करायची, मग एकेकाला आकडा द्यायचा. माझं वर्तुळ असं झालं: जागा फक्त चार: ३५; यंदा समितीचा कल दुसऱ्या विषयाकडे (मंजूर शीर्षकांवरून दिसत होता): २०; दुसरा परीक्षक शेजारच्या शाखेचा, त्यानं वेगळ्या पद्धतीची अपेक्षा धरली: १५; कारण माहीत नाही: १०. उरले २०, ते माझ्या लिखाणाचे. हे आकडे मोजमाप नव्हेत, अंदाज आहेत. पण अंदाज लिहिला की ‘सगळं माझ्यामुळे’ हे वाक्य शंभरावर उभं राहत नाही.

उलट फसगतही होते. स्वतःचा वाटा शून्य आला तर वर्तुळ पुन्हा काढावं. शून्याचा अर्थ असा की पुढच्या अर्जात बदलण्यासारखं हातात काहीच नाही, आणि माझ्या २० टक्क्यांतच तर दोन दुरुस्त्या सापडल्या होत्या. मात्र नकारामागे उघड भेदभाव असेल तर तो तुकडा त्याच नावानं लिहावा, ‘नशीब’ म्हणून नव्हे. त्याची दाद वहीत नाही, तक्रारीच्या मार्गानं मागायची.

समितीच्या तुकड्यांना मी इतका मोठा आकडा दिला तो स्वतःची समजूत घालण्यासाठी, अशी शंका मलाही आली. तिच्यावर एक प्रयोग कामी आला. २०१४ साली यंत्र-शिक्षणाच्या, म्हणजे संगणकाला माहितीवरून शिकवण्याच्या क्षेत्रातल्या, एका मोठ्या परिषदेनं (तेव्हाचं नाव निप्स) आलेल्या शोधनिबंधांपैकी १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. सुमारे चौथ्या हिश्श्याबाबत दोन्ही समित्यांचे निर्णय उलटे आले, आणि एका समितीनं स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त निबंध दुसरीनं नाकारले. निबंध तेच, तज्ज्ञ त्याच क्षेत्रातले. निवड अगदी कडक असते तिथं काठावरच्या कामाचा निकाल कोण वाचतंय यावर बराच अवलंबून असतो. यावरून आपलं काम चांगलं आहे हे सिद्ध होत नाही. एका निकालावरून ते वाईट ठरत नाही, इतकंच.

रवंथ मात्र वहीनं आपोआप थांबत नाही. विचार करणं आणि रवंथ करणं यांतला फरक कागदावर दिसतो: वीस मिनिटांनंतर पानावर एखादी नवी ओळ असेल तर तो विचार, कालचंच वाक्य पुन्हा उतरलं असेल तर रवंथ. रवंथ दिसला की वही मिटून शरीराला काम द्यायचं, चालणं किंवा भांडी घासणं. मनाला ‘विचार करू नको’ असं बजावून काही होत नाही.

लोकांना सांगायचं वाक्य आधीच तयार ठेवलेलं बरं. माझं होतं: ‘तो प्रस्ताव झाला नाही. दोन गोष्टी दुरुस्त करून पुढच्या फेरीत पाठवतोय.’ ‘झाला नाही’ हे क्रियापद प्रस्तावाला लागतं, मला नाही.

आठव्या दिवशी समितीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, चार ओळींचं. ‘माझं काय चुकलं?’ असं विचारलं की उत्तर येत नाही किंवा मोघम येतं, कारण त्यात वादाची चाहूल लागते. मी विचारलं: ‘हाच प्रस्ताव पुन्हा सादर केल्यास कोणते दोन भाग आधी बदलावेत?’ उत्तर तीन ओळींचं आलं. पहिला भाग नमुन्याच्या संख्येचा, तो मला ठाऊकच होता. दुसरा वेगळाच निघाला: माहिती गोळा करायची परवानगी कोणाकडून मिळणार, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

या पद्धतीची हद्दही ओळखावी. उदासी दोन आठवडे जवळपास रोज दिवसभर राहिली, झोप किंवा भूक बिघडली, आवडीच्या कशातही मन लागेना, तर ते वहीचं काम नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. जगू नये असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून मदत घ्यावी.

कार्यालयाचं उत्तर आल्यावर मी वर्तुळ पुन्हा काढलं. ‘माहीत नाही’चे दहा होते, त्यातले पाच परवानगीच्या नावावर गेले आणि माझा वाटा २५ झाला. लाजेचा आकडा वाढेल अशी धास्ती होती. मोजला तर ३० निघाला.