काहीही चालेल

ठाण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात संध्याकाळी मी बसते, आणि तिथे सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते असे कुणी विचारले, तर 'एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना' हेच सांगावे लागेल. विचारणाऱ्याला कोणत्या प्रकारचे वाचन आवडते, अलीकडे काय वाचून बरे वाटले, किती जाड पुस्तक झेपते आणि मराठीच हवे की इंग्रजीही चालेल, यातले काहीही त्या वाक्यात नसते. खोदून विचारले तर उत्तर येते, 'काहीही चालेल.' हे उत्तर प्रामाणिक असते, पण खरे नसते. काहीही चालणारा वाचक मला तरी अजून भेटलेला नाही.

अशा वेळी सांगणाऱ्याची जीभ स्वतःच्या आवडत्या पुस्तकाकडे वळते, आणि घोटाळा तिथेच होतो. वाचनाचा नाद असलेल्या माणसाला विचारले की तो डोळे मिटून 'कोसला' सांगतो. 'कोसला' मोठीच कादंबरी आहे, पण बऱ्याच वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्याला तिची तिरकस, मुद्दाम विस्कळीत ठेवलेली लय पहिल्या वीस पानांतच दमवू शकते. मग तो पुस्तक परत करतो आणि 'हे पुस्तक माझ्यासाठी नव्हते' असे म्हणण्याऐवजी 'वाचन मला जमत नाही' असा निष्कर्ष काढतो. 'आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तके' छापाच्या याद्यांबद्दल माझे मत याच कारणाने फारसे चांगले नाही, कारण त्यांतून यादी करणाऱ्याची ओळख पटते, वाचणाऱ्याची पटत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असा आहे. त्यात 'त्याचा' हा शब्द आहे, 'उत्तम' हा शब्द नाही.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर राहणारे एक गृहस्थ असेच आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी फोर्टमध्ये, म्हणजे रोज लोकलने जाणे-येणे. मागणी ठरलेलीच होती. 'कोणता प्रकार आवडतो?' हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याला बहुतेक जण 'कादंबरी' किंवा 'ऐतिहासिक' असे एका शब्दात उत्तर देतात आणि त्या शब्दावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी मी म्हटले, "पूर्वी कधीतरी वाचलेलं, आवडलेलं एखादं पुस्तक आठवत असेल तर त्याबद्दल सांगा." त्यांनी जरा वेळ घेतला आणि मग म्हणाले, "कॉलेजात असताना कर्णावरची ती वाचली होती, मृत्युंजय. त्यानंतर विशेष काही नाही, मॅडम."

नाव मिळाले की काम झाले असे वाटते, पण ते तिथून सुरू होते. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 सालची, आणि ती आवडणारे लोक एकाच कारणाने तिच्याकडे आलेले नसतात. कुणाला महाभारत आवडते, कुणाला अन्याय झालेल्या माणसाची वेदना भिडते, तर कुणी तिच्या भरजरी भाषेवर जीव टाकतो. नॅन्सी पर्ल नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी यासाठी एक सोपी मांडणी केली आहे. त्यांच्या मते वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: गोष्ट, माणसे, स्थळकाळ आणि भाषा. एकाच पुस्तकात ही चारही दारे असतात, पण लहानमोठी, आणि प्रत्येक वाचकाचे नेहमीचे दार वेगळे असते. भाषेच्या दाराने 'मृत्युंजय'मध्ये शिरलेल्याला कर्णावरचेच दुसरे काहीतरी दिले आणि त्याची भाषा साधी निघाली, तर विषय तोच असूनही तो हिरमुसतो.

म्हणून पुढचा प्रश्न असा होता, "त्यातलं आज काय आठवतं?" ते म्हणाले, "त्यात प्रत्येक जण येऊन आपापली बाजू सांगतो ना, ते. दुर्योधनाचंसुद्धा पटायला लागतं." हे वाक्य ऐकले आणि मला हवे होते ते सापडले. 'मृत्युंजय' कर्णाबरोबरच कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून उलगडते, आणि या गृहस्थांना त्यातली कर्णकथा तितकीशी आठवत नव्हती, बाजू पालटल्या की न्याय पालटतो हा अनुभव मात्र लक्षात राहिला होता.

तरीही खात्री करून घ्यावी लागते. साडीच्या दुकानातला मुरलेला माणूस गिऱ्हाइकाला 'कोणता रंग?' असे विचारत बसत नाही, दोनतीन अगदी वेगळ्या साड्या गादीवर उलगडतो आणि चेहरा बघतो. मीही तीन पुस्तके टेबलावर ठेवली: वि. स. खांडेकरांची 'ययाति', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. एक पौराणिक कादंबरी, एक खेड्यावरची छोटी कादंबरी आणि एक सरळ चरित्र. वाचक काय उचलतो यापेक्षा काय खाली ठेवतो आणि ठेवताना काय म्हणतो, हे अधिक उपयोगी पडते. चरित्र त्यांनी लगेच बाजूला केले, कारण "असं प्रेरणादायी ऑफिसात फार ऐकतो." 'बनगरवाडी' चाळून पाहिली. 'ययाति' हातात घेताच मात्र म्हणाले, "गाडीत एका हाताने कशी धरायची ही?"

वाचनाची पातळी असे आपण मोठ्या गंभीरपणे म्हणतो, पण तिच्यात पुस्तकाचे वजन आणि अक्षराचा आकारही येतो हे लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्यालाच ठाऊक असते. दुसरी गोष्ट सरावाची. हे गृहस्थ मराठीतच शिकलेले, पण गेली वीसेक वर्षे त्यांच्या डोळ्यांखालून जाणारे मराठी म्हणजे मोबाइलवरचे चार ओळींचे निरोप. अशा माणसाला 'तुम्हाला अवघड मराठी वाचता येते का?' असे विचारणे उद्धटपणाचे होईल. मी फक्त मधलेच एखादे पान उघडून देते आणि "दोन मिनिटं उभ्याउभ्या बघा" म्हणते. नजर एका लयीत खाली सरकत असेल तर काही बोलायचे नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जात असेल, किंवा दुसऱ्याच परिच्छेदाला मान वर येत असेल, तर ते पुस्तक आज नको. खांडेकरांची भाषा अलंकारिक असली तरी वाक्ये सुटसुटीत असतात, आणि या गृहस्थांनी पान उलटले तेव्हाच मी निश्चिंत झाले. 'ययाति' (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या निवेदनांतून पुढे सरकते, म्हणजे त्यांचे दार तिथे सताड उघडे होते. गाडीचा प्रश्न त्यांनीच सोडवला: ती रात्री घरी वाचायची आणि गाडीसाठी 'बनगरवाडी' न्यायची.

निघताना त्यांनी मुलीसाठीही काहीतरी द्या म्हटले. ती सातवीत, इंग्रजी माध्यमात. इकडे ही गोष्ट घरोघरी आहे. मूल घरी अस्खलित मराठी बोलते, मोठमोठी इंग्रजी पुस्तके वाचते, आणि मराठी पान समोर आले की जोडाक्षरांपाशी अडखळते. त्याची समज बारा वर्षांची आणि मराठी वाचनाचा वेग मात्र आठ वर्षांच्या मुलाचा असतो. पालक वेगाकडे बघून ससा-कासवाची चित्रपुस्तके नेतात आणि मुलाचा अपमान होतो, किंवा वयाकडे बघून 'श्यामची आई' नेतात आणि ती पहिल्या रात्रीनंतर उघडली जात नाही. अशा मुलांना मी 'चिंटू'चे संग्रह देते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991 पासून वर्तमानपत्रात येऊ लागली. तिच्यात मजकूर थोडा असतो, भाषा घरात बोलतात तशी असते आणि विनोद बाळबोध नसतो, त्यामुळे अडखळले तरी कुणाला दिसत नाही. त्यानंतरची पायरी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. त्याचे पहिले प्रकरण मात्र आईने किंवा बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावे, कारण एकदा बनेश फेणेचा आवाज कानात बसला की पुढची अक्षरे डोळ्यांना सोपी जातात. "ती मराठी वाचतच नाही" असे ते म्हणत होते. ती वाचत नाही याचा अर्थ तिला मराठी आवडत नाही असा नव्हता, आपल्याला वेळ लागतो याची तिला लाज वाटत होती इतकेच, आणि या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

'ययाति' मुदतवाढ घेऊन वाचून झाली. परत करताना ते देवयानीची बाजू इतक्या तावातावाने मांडत होते की मागे रांगेत उभ्या असलेल्या आजींनी शर्मिष्ठेचे वकीलपत्र घेतले. 'बनगरवाडी' मात्र अर्ध्यावर आली होती. तीही संकोचत परत आली, कारण अर्धवट पुस्तक परत करणे म्हणजे नापास होणे असे आपल्या मनावर कुणीतरी बिंबवलेले असते. नॅन्सी पर्ल यांचा याबाबतचा नियम मी अशा वेळी हटकून सांगते: पन्नास पाने वाचून बघा, नाही रुचले तर सोडा, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून आपले वय वजा करून उरतील तेवढीच पाने वाचावीत. आजींना तो फारच पसंत पडला.

"पुस्तक चांगलंय," गृहस्थ म्हणाले, "पण सगळं त्या मास्तरच्याच तोंडून आहे." सोडलेले पुस्तक असे नेमके कारण घेऊन परत आले की मला ते वाचून संपलेल्यापेक्षा जास्त कामाचे वाटते. आता त्यांना काय द्यायचे याचा विचार कादंबऱ्यांच्या कपाटांपाशी उभे राहून करण्यात अर्थ नव्हता. ज्याला प्रत्येकाची बाजू त्याच्याच तोंडून ऐकायची आहे, मधे समजावून सांगणारा निवेदक नको आहे आणि पुस्तक एका हातात मावायला हवे आहे, त्याची जागा नाटकांच्या कपाटापाशी आहे. आमच्याकडे ते कपाट अगदी टोकाला आहे. महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की मुले तिकडे फिरकतात, एरवी कुणी नाही. पहिल्याच दिवशी मी प्रकार विचारला असता तर हे गृहस्थ 'कादंबरी' म्हणाले असते, आणि त्या कपाटापर्यंत आम्ही दोघेही पोहोचलो नसतो. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' मी त्यांच्यापुढे ठेवले. गंमत म्हणून सुरू झालेल्या लुटुपुटीच्या खटल्यात बेणारे नावाच्या एका बाईच्या आयुष्याचा खराखुरा निवाडा होऊ लागतो, एवढेच सांगितले.

त्यांनी ते उघडून पाहिले. गडकरी रंगायतनला ते सहकुटुंब नाटकाला जातात, पण डाव्या बाजूला पात्रांची नावे आणि समोर संवाद असे छापील नाटक त्यांनी शाळेनंतर हातात घेतले नव्हते. "हे मनातल्या मनात वाचायचं की आवाज काढून?" त्यांनी विचारले. मी म्हटले, घरी असाल तर बेणारेबाईंचे संवाद मुलीला वाचायला द्या.