चार वाजेपर्यंत पुरणारा डबा

गेल्या वर्षी वजन कमी करण्यासाठी मी परभणीतल्या एका ठिकाणी पैसे भरून आहाराचा छापील तक्ता आणला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यात दुपारच्या डब्यासाठी एक फुलका, वाफवलेली ब्रोकोली आणि काकडी लिहिलेली होती. ब्रोकोली आमच्या बाजारात क्वचितच दिसते, म्हणून मी तिच्या जागी मूठभर उकडलेले मूग घेतले आणि तो डबा पाच आठवडे निष्ठेने खाल्ला. वजनाचा काटा मात्र जागचा हलला नाही.

घोडे नेमके कुठे अडले होते, हे समजायला फार वेळ लागला, कारण मी फक्त डब्याकडे पाहत होते. डब्यात जेमतेम दोनशे कॅलरी असायच्या. एक वाजता तो संपला की तीनच्या सुमारास डोके जड व्हायचे, चारला चिडचिड सुरू व्हायची आणि कार्यालयाबाहेरच्या हातगाडीवरून कोणी भजे मागवले की माझा हात सर्वांत आधी पुढे जायचा. मिरचीचे भजे, सोबत पाव आणि साखरेचा चहा, एवढ्यात दुपारी वाचवलेले सगळे भरून निघत असे. शिवाय घरी गेल्यावर स्वयंपाक होईपर्यंत शेव-मुरमुरे चालूच असत. मी हे आळस आणि जिभेचे चोचले समजून स्वतःलाच बोल लावत होते. प्रत्यक्षात दुपारच्या जेवणात पोट धरून ठेवणारे काही नव्हतेच, आणि काकडी तर बहुतांशी पाणीच असते.

शेवटी तो तक्ता कपाटात टाकला आणि घरचा डबा परत सुरू केला, पण मोजून. साधारण साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली घट्ट उसळ, दोन लहान चमचे शेंगदाण्याची चटणी आणि न चिरलेली काकडी. हे सगळे मिळून साधारण साडेचारशे कॅलरी होतात, म्हणजे आधीच्या डब्याच्या दुपटीहून अधिक. तरीही चारचे भजे आपोआप सुटले, कारण मटकीतली प्रथिने आणि भाकरीचा चोथा पोटात बराच वेळ राहतो. चार वाजता भूक लागते की नाही, हीच डब्याची खरी परीक्षा आहे. लागत असेल तर भाकरी वाढवण्याआधी उसळ वाढवावी.

एवढे करूनही दोन आठवडे काही फरक दिसेना, तेव्हा सासूबाईंच्या तेलाच्या पळीवर संशय आला. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने ती मोजली, तर एका पळीत चाळीस मिलिलिटर तेल निघाले. आमच्या दोघींच्या डब्याच्या भाजीला एक पळी पडत असे, म्हणजे माझ्या वाट्याला वीस मिलिलिटर, जवळजवळ पावणेदोनशे कॅलरी. सासूबाई म्हणाल्या, "तर्री नसली तर भाजी म्हणायची का तिला?" वाद न घालता मी दोघींसाठी दोन लहान चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर तेल ठरवले आणि चव राखण्यासाठी कांदा-खोबरे कोरडे भाजून काळा मसाला थोडा वाढवला. चार दिवसांनी त्यांनी तक्रार सोडली. त्यानंतर तीन महिन्यांत माझे साडेतीन किलो वजन उतरले. आठवड्यातून एकदा, सकाळी काही खाण्याआधी वजन करावे. रोज केले की पाण्याच्या चढउताराने उगाच मन खट्टू होते.

भाकरीचेही सांगायचे राहिले. तव्यावरून उतरताच डब्यात कोंबली तर वाफेने ओली होते आणि उघडी ठेवली तर दुपारी चामड्यासारखी वातड होते. पीठ कढत पाण्याने मळावे, दोन-तीन मिनिटे वाफ जाऊ द्यावी आणि मग सुती फडक्यात गुंडाळून चौघडी करून ठेवावी. उन्हाळ्यात मोडाची उसळ गरम असताना झाकण लावू नये, ती आंबते. काकडीला मीठही खातानाच लावावे, नाहीतर ती पाणी सोडते.

मुलीच्या शाळेच्या डब्यात हीच भाकरी असते, पण तिच्यावर तूप आणि सोबत गूळ असतो. वाढत्या मुलांचे खाणे असे तोलूनमापून कमी करू नये. सासूबाईंची मधुमेहाची गोळी चालू असल्यामुळे त्यांच्या भाकरीत मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घातला नाही.