सर्पदंशाचा पेशंट 'घरी जातो' म्हणाला तेव्हा लामाचे कागद कसे केले – माझा अनुभव

मी सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे ड्युटीवर राहून ॲडमिट पेशंट बघणारी डॉक्टर आहे, जास्त करून नाईटच असते. पेशंट डॉक्टरांचा सल्ला न मानता स्वतःच्या जबाबदारीवर जातो त्याला आमच्यात सगळे 'लामा' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी लामा म्हणजे काउंटरवर एक छापील इंग्रजी फॉर्म, त्यावर नातेवाईकाची सही, संपला विषय. पण त्या फॉर्मने ना पेशंटचं भलं होतं ना डॉक्टरचं. म्हणून या एका केसमध्ये काय काय केलं ते सविस्तर लिहितेय.

पावसाळ्याचे दिवस, पहाटे सव्वातीनला एक चाळिशीचा शेतकरी आला, सोबत बायको आणि धाकटा भाऊ. शेतीची लाईट रात्रीची असल्यामुळे पाण्याच्या पाळीसाठी हा वस्तीवरच्या शेडमध्ये खालीच पोतं टाकून झोपला होता, दोनच्या सुमाराला हाताला काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि बॅटरी लावेपर्यंत काळं काहीतरी सळसळत गेलं, एवढंच त्याला माहीत. हातावर सूज नाही, दुखत नाही, दाताची खूण शोधूनही धड दिसेना. माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते मण्यारचं, कारण जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा तोच, आणि त्याचा चावा बऱ्याचदा असाच असतो, ना दुखत ना सुजत.

नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं ठीक. कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं, ट्यूब तिरकी केली तर रक्त व्यवस्थित गोठलेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सुई लावून ठेवली आणि ऑब्झर्वेशनला ठेवलं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन म्हणजे एएसव्ही दिलं नाही, कारण विषाची लक्षणं दिसल्याशिवाय ते द्यायचं नसतं, त्याची स्वतःची रिॲक्शन जोरात येऊ शकते. पण साप चावल्याचा संशय असला तर निदान २४ तास नजरेखाली ठेवायचं हा नियम आहे.

सहा वाजले आणि गडी उठून बसला. "म्याडम, मला काय झालंय सांगा की, इंजेक्शन न्हाई, सलाईन न्हाई, नुसतं झोपायला पैसं भरायचं व्हय? घरी म्हसरांच्या धारा काढायच्यात." त्यात भावाने रक्ताचा रिपोर्ट ऐकलेला, तो म्हणाला, "रक्त गोठलंय म्हणजे विष न्हाईच की." बायको मात्र रडत होती, जाऊ नका म्हणत होती.

अशा वेळी फॉर्म काढायच्या आधी मी विचारते की नक्की कशासाठी जायचंय. इथे दोन गोष्टी निघाल्या, म्हशी आणि पैसे. म्हशींचं शेजाऱ्याला फोन करून होण्यासारखं होतं. पैशासाठी म्हटलं, सांगली सिव्हिलला पाठवते, तिथे एएसव्ही फुकट आहे, मी पत्र देते, ॲम्ब्युलन्स बोलावते, पण रस्त्यात आणि तिथे तुम्ही डॉक्टरांच्या नजरेखाली राहा. तेही नको म्हणाला. पर्याय दिला होता आणि पेशंटने नाकारला, हे केसपेपरवर वेळेसकट लिहिलं. ही ओळ लोक विसरतात, आणि नंतर असं दिसतं की डॉक्टरकडे "राहा नाहीतर जा" एवढंच होतं.

मग हा माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत आहे का ते बघितलं. दारू प्यायलेला आहे का, गुंगीचं काही दिलंय का, तारीख, जागा, आपण कुठे आहोत हे सांगता येतंय का. त्याने सगळं नीट सांगितलं. "पूर्ण शुद्धीत, दारूचा वास नाही, गुंगीचं औषध दिलेलं नाही, प्रश्नांची उत्तरं बरोबर" असं लिहिलं. हे लिहिलेलं नसलं तर खालच्या सहीला तसा अर्थ राहत नाही. तो दारूच्या नशेत असता किंवा डोळे जड व्हायला लागले असते तर मी लामाचा कागद काढलाच नसता.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आणा, मी करतो सही." मी सांगितलं, सही पेशंटचीच लागेल. शुद्धीतल्या सज्ञान माणसाच्या वतीने नातेवाईकाला संमती देता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली केसमध्ये हेच सांगितलंय, तिथे ऑपरेशनसाठी आईची संमती घेतली होती आणि ती कोर्टाने मानली नाही. जायचा निर्णयही तसाच त्याचा स्वतःचा. आणि वहिनी कितीही रडल्या तरी त्यांच्या नकारावर मी त्याला धरून ठेवू शकत नव्हते. बिल बाकी आहे म्हणूनसुद्धा पेशंटला अडवता येत नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं, कारण तीच भीती धरून लोक गुपचूप पळून जातात आणि मग हातात एक कागदही नसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला धोका सांगण्यात. "ऑल रिस्क एक्स्प्लेन्ड" ही ओळ मला पटत नाही, त्यातून काय सांगितलं हेच कळत नाही. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं, दादा, रक्त गोठलं म्हणजे घोणस फुरशासारखं विष सध्या दिसत नाही एवढाच अर्थ, मण्यारचं विष रक्तावर नाही तर नसांवर चालतं, ते या टेस्टमध्ये कळतच नाही. त्याची लक्षणं कित्येक तासांनी येतात, आधी पोटात दुखेल, मग पापण्या खाली यायला लागतील, गिळता येणार नाही, बोलणं जड होईल आणि मग श्वास बंद पडेल. श्वास बंद पडला आणि मशीन नसलं तर माणूस मरतो. मरतो हा शब्द मी मुद्दाम वापरला, "कॉम्प्लिकेशन होऊ शकतं" असं ऐकून कुणाला काय कळणार.

मग त्याला म्हटलं, आता मी काय सांगितलं ते तुमच्या भाषेत मला सांगा. तो म्हणाला, "आत्ता बरं वाटतंय, पर दुपारपतूर डोळं झाकाय लागतील, दम कोंडंल, मी मरू पण शकतो, तरी जातो." हे वाक्य मी जसंच्या तसं केसपेपरवर अवतरणात लिहिलं. कुठल्याही छापील मजकुरापेक्षा या एका वाक्याचं वजन जास्त आहे, कारण त्याला समजलं होतं हे त्याच्याच तोंडून दिसतं. मग आमच्या मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना फोन केला, तेही त्याच्याशी बोलले, फोनची वेळ आणि सर काय म्हणाले तेही लिहिलं.

फॉर्म मराठीत हाताने लिहून मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मुद्दे थोडेच होते, कशासाठी ॲडमिट केलं, किती वेळ राहायला सांगितलं, न राहिल्यास वर सांगितलेले धोके नावासकट, कुठले पर्याय दिले, जाण्याचं कारण, आणि शेवटी "कधीही परत आल्यास उपचार केले जातील". ही शेवटची ओळ मी नेहमी घालते, कारण लामा घेतला की परत घेत नाहीत अशी समजूत पक्की आहे. पेशंटने सही केली, त्याला सही येत होती. येत नसती तर डाव्या अंगठ्याचा ठसा, ठसा कुणाचा ते शेजारी लिहून साक्षीदाराची सही. साक्षीदार दोन घेतले, एक भाऊ, एक ड्युटीची सिस्टर, पूर्ण नाव आणि नातं लिहून. खाली माझी सही, नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख आणि वेळ, सहा पन्नास. वेळ प्रत्येक सहीपुढे हवीच. पेशंटने सही करायलाच नकार दिला तर "समजावून सांगितलं, सही करण्यास नकार" असं लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, सहीसाठी त्याला कोंडून ठेवायचं नाही.

आमच्याकडे सर्पदंशाची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस अशी नोंद होते, म्हणून पोलीस ठाण्याला आधीच कळवलं होतं, आता पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर गेला हेही कळवलं. निघताना परत नाडी, बीपी, श्वास मोजून लिहिलं, हाताची सुई काढली आणि काढली म्हणूनही लिहिलं. हे क्षुल्लक वाटतं पण सुई हातात तशीच घेऊन घरी गेलेले पेशंट मी बघितलेत.

डिस्चार्ज कार्ड दिलं. लामा घेतला म्हणून कार्ड न देणं मला अजिबात मान्य नाही, उलट यालाच जास्त गरज. चावल्याची वेळ, रक्ताच्या टेस्टच्या वेळा आणि निकाल, एएसव्ही दिलेलं नाही, मण्यारचा संशय, सगळं ठळक. आणि भावाला दोन गोष्टी करून दाखवल्या. दर अर्ध्या तासाने याला मान न उचलता वर छताकडे बघायला लावायचं, पापण्या वर राहत नसतील तर तसंच उचलून आणायचं. दुसरं, एका दमात आकडे मोजायला लावायचे, आत्ता तो बत्तीसपर्यंत गेला, तो आकडा मी कार्डावर लिहिला, यापेक्षा कमी कमी होत गेला तर थांबायचं नाही. झोपू द्यायचं नाही, कुणा विष उतरवणाऱ्याकडे न्यायचं नाही, खायला-प्यायला जबरदस्ती नाही.

साडेनऊला भावाचा फोन, "म्याडम, पोटात दुखतंय म्हणतोय, डोळं उघडंनात, अठरावरच थांबला." त्यांच्या वस्तीपासून ग्रामीण रुग्णालय जवळ होतं, मी तिकडेच जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड बघून मला फोन केला, चावल्याची वेळ आणि सकाळची अवस्था समोर असल्यामुळे त्यांना पहिल्यापासून चौकशी करत बसावं लागलं नाही, एएसव्हीच्या दहा व्हायल सुरू करून त्यांनी त्याला सांगलीला हलवलं. तिथे काही दिवस व्हेंटिलेटर लागला. वाचला.

नंतर भाऊ केसपेपरची नक्कल मागायला आला. पेशंटचा लेखी अर्ज घेतला आणि रजिस्टरला नोंद करून झेरॉक्स दिली, अर्ज आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि लामा घेतला म्हणून त्यात काही फरक पडत नाही. मूळ पेपर आमच्याकडेच राहिला, नियमाने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचा असतो, एमएलसीचे आम्ही वेगळ्या कपाटात त्याहून जास्त ठेवतो.